उसनी आणि स्वतःची प्रतिकारशक्ती: नागपूरच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा चावलेल्या मुलाला घेऊन आलेले पालक हमखास विचारतात, "लस तर दिली, मग जखमेत पुन्हा हे सिरम कशाला?" नऊ महिन्यांच्या बाळाला घेऊन आलेली आई विचारते, "गोवराची लस आधीच का दिली नाही?" वरवर पाहता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही, पण दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते: शरीरात आलेली प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना चिकटून निकामी करणारी प्रथिने, दुसऱ्याकडून मिळाली आहेत की शरीराने स्वतः तयार केली आहेत, आणि ही दोन्ही एकाच वेळी शरीरात असली की काय घडते. पुढील उत्तरे हाच धागा धरून लिहिली आहेत. उपचाराचा निर्णय मात्र रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

सक्रिय आणि निष्क्रिय प्रतिकारशक्ती म्हणजे नेमके काय?

रोगजंतू किंवा लस शरीरात गेल्यावर आपल्या पांढऱ्या पेशी तो पदार्थ ओळखतात, वाढतात आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागतात. ही सक्रिय प्रतिकारशक्ती होय. तिला उभे राहायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, पण त्यातून स्मृतिपेशी मागे राहतात आणि पुढच्या वेळी तोच जंतू आला तर शरीर काही दिवसांतच जोरदार उत्तर देते.

निष्क्रिय प्रतिकारशक्तीत शरीर स्वतः काहीही तयार करत नाही. दुसऱ्या माणसाच्या किंवा घोड्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे आयती मिळतात, मग ती गर्भात वारेतून आलेली असोत की सिरमच्या सुईतून. ती मिळताक्षणी काम सुरू करतात, मात्र स्मृती मागे ठेवत नाहीत आणि हळूहळू संपून जातात. शेजाऱ्याकडून उसने आणलेले धान्य आणि स्वतःच्या शेतात पिकवलेले धान्य यांत जो फरक आहे तोच येथे आहे: उसने धान्य आजची चूल पेटवते, पण त्यातून पुढच्या हंगामाचे बियाणे राहत नाही.

उसनी प्रतिपिंडे किती दिवस टिकतात?

माणसाच्या रक्तातील आयजीजी या मुख्य प्रकारच्या प्रतिपिंडांचे प्रमाण सुमारे तीन आठवड्यांत निम्मे होते. समजा, जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात एखाद्या रोगाविरुद्धची आईची प्रतिपिंडे १६ एकके होती. तीन आठवड्यांनी ती ८, सहा आठवड्यांनी ४, नऊ आठवड्यांनी २ आणि बारा आठवड्यांनी १ एकक उरतील. संरक्षणासाठी किमान २ एकके लागतात असे धरले, तर हे बाळ नऊ आठवड्यांपर्यंत सुरक्षित राहील. सुरुवातच ६४ एककांनी झाली असती, तर हीच मर्यादा पंधरा आठवड्यांवर गेली असती. ही संख्या केवळ समजण्यासाठी घेतलेली आहे, पण तिच्यातून एक खरी गोष्ट कळते: संरक्षणाचा काळ आईकडील साठ्यावर अवलंबून असतो आणि म्हणून दोन बाळांमध्ये तो सारखा नसतो.

घोड्याची प्रतिपिंडे माणसाच्या शरीराला परकी असतात. त्यांचे बरेच सिरम आज शुद्ध केलेल्या तुकड्यांच्या रूपात मिळते आणि ते माणसाच्या प्रतिपिंडांपेक्षा लवकर बाहेर टाकले जाते.

आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे कशी जातात?

आई आणि बाळ यांचे रक्त वारेत एकमेकांत मिसळत नाही. त्यांच्यामध्ये पेशींचा एक थर असतो आणि प्रतिपिंडाचा रेणू एवढा मोठा असतो की तो नुसता झिरपून पलीकडे जाऊ शकत नाही. त्यासाठी त्या थरातील पेशी आईच्या रक्तातील प्रतिपिंडे आत ओढून घेतात. आतील आम्लधर्मी पोकळीत एक विशिष्ट ग्राहक रेणू फक्त आयजीजी जातीच्या प्रतिपिंडांना पकडतो, त्यांना नष्ट होण्यापासून वाचवतो आणि बाळाच्या बाजूला नेऊन सोडतो. आयजीएम, आयजीए आणि आयजीई या जातींसाठी असा वाहक नाही, म्हणून त्या पलीकडे जात नाहीत.

ही वाहतूक गर्भाच्या साधारण तेराव्या आठवड्यापासून सुरू होते, पण तिचा वेग सुरुवातीला अगदी कमी असतो आणि सर्वांत मोठा वाटा शेवटच्या तिमाहीत, विशेषतः शेवटच्या चार आठवड्यांत जातो. पूर्ण दिवसांच्या बाळात आयजीजीचे प्रमाण आईइतके किंवा आईपेक्षा थोडे जास्तही असू शकते, कारण ही वाहतूक नुसती समतोल साधून थांबत नाही, ती आईच्या बाजूकडून बाळाच्या बाजूला सक्रियपणे ढकलली जाते. याच कारणाने २८ ते ३० आठवड्यांत जन्मलेले बाळ जवळजवळ रिकाम्या शिदोरीने जगात येते. अशा बाळाला जन्मतःच संसर्गाचा धोका का अधिक असतो याचे एक कारण येथे आहे.

गरोदरपणात दिली जाणारी धनुर्वाताची लस बाळाला कशी वाचवते?

नवजात बाळाला होणारा धनुर्वात जन्मानंतर साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिसतो. नाळ कापताना किंवा नंतर तिच्यावर काही लावताना जंतू शिरतात, आणि त्या वयात बाळाला लस देऊन प्रतिपिंडे तयार होण्याची वाट पाहण्याइतका वेळच नसतो. म्हणून लस आईला दिली जाते. आईत सक्रिय प्रतिकारशक्ती तयार होते आणि तिचे फळ बाळाला निष्क्रिय स्वरूपात मिळते. ही एकाच सुईतून दोन प्रकारची प्रतिकारशक्ती घडवणारी रचना आहे आणि मला ती लसीकरणातील सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते.

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात धनुर्वात आणि घटसर्प यांची जोडलस, म्हणजे टीडी, गरोदरपणाची नोंद होताच शक्य तितक्या लवकर आणि दुसरी चार आठवड्यांनी दिली जाते. मागील तीन वर्षांत गरोदरपणी दोन डोस झाले असतील तर एकच वर्धक डोस पुरतो. दुसरा डोस शक्यतो ३६ आठवड्यांच्या आत द्यावा असे सांगितले जाते, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला आणि मग वारेतून पलीकडे जायला दोन्ही मिळून काही आठवडे लागतात. नोंदणीच उशिरा झाली तरी ३६ आठवड्यांनंतर डोस नाकारू नये, तो पुढील गरोदरपणासाठी तरी आईला कामी येतोच. अशाच कामामुळे भारतात माता आणि नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये प्रमाणित झाले.

डांग्या खोकल्याची लसही याच तत्त्वाने २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान देण्याचा सल्ला अनेक स्त्रीरोगतज्ज्ञ देतात. फ्लूच्या बाबतीत तर सहा महिन्यांखालील बाळाला लस देताच येत नाही, त्यामुळे आईकडून आलेली प्रतिपिंडे हेच त्याचे एकमेव रक्तातील संरक्षण असते.

मग बाळाच्या पहिल्या महिन्यांत आईच्या दुधाची भूमिका काय?

दुधातील मुख्य प्रतिपिंड वेगळे असते. ते आयजीए जातीचे असते, बाळाच्या रक्तात जात नाही, तर आतड्याच्या आतील अस्तरावर थांबून जुलाबाच्या जंतूंना तेथेच रोखते. प्रसूतीनंतर येणाऱ्या पहिल्या चिकात ते भरपूर असते.

ग्रामीण भागातील वाचकांना येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. गाईच्या वारेतून प्रतिपिंडे पलीकडे जातच नाहीत, म्हणून वासरू जन्माला येते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसतात आणि पहिल्या दिवसात चीक मिळाला तरच ती त्याच्या आतड्यातून रक्तात शोषली जातात. सुमारे चोवीस तासांनंतर आतड्याचा तो मार्ग बंद होतो. खरवसासाठी चीक काढताना वासराचे पोट आधी भरले आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच त्याच्या जिवाचा असतो. माणसाच्या बाळाला रक्तातील साठा वारेतून आधीच मिळालेला असतो. त्याच्या बाबतीत चिकाचे काम आतड्यापुरते आणि तेही फार महत्त्वाचे असते, पण वारेतून येणाऱ्या साठ्याची जागा तो घेत नाही.

गोवर-रुबेलाची लस नऊ महिन्यांवरच का?

कारण आईची प्रतिपिंडे बाळाचे रोगापासून रक्षण करतात तशीच लशीतील विषाणूलाही मारतात. गोवराची लस जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असते. तो शरीरात थोडा वाढला तरच पेशी त्याला ओळखून स्मृती निर्माण करतात. बाळाच्या रक्तात आईची गोवराविरुद्धची प्रतिपिंडे शिल्लक असतील तर ती हा विषाणू वाढण्यापूर्वीच निकामी करतात आणि सुई टोचली गेली तरी बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार होत नाही. नऊ महिने हे वय आईचा साठा पुरेसा ओसरलेला असणे आणि रोगाचा धोका अजून वाढलेला नसणे यांमधील तडजोड आहे. सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस दिला जातो आणि पहिल्या वेळी लस लागू न झालेल्या बऱ्याचशा मुलांना तो सावरतो.

ज्या आईला लहानपणी खरा गोवर झाला होता तिच्याकडे प्रतिपिंडांचा साठा सामान्यतः मोठा असतो आणि लसीमुळे सुरक्षित झालेल्या आईकडे तो तुलनेने कमी असतो. त्यामुळे लस घेतलेल्या आईचे बाळ लवकर असुरक्षित होते. साथ पसरते तेव्हा हा फरक जाणवतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराचा उद्रेक झाला, त्या सुमारास सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना बाधित भागांत जादा डोस देण्याचा निर्णय झाला होता. असा डोस नेहमीच्या दोन डोसांत धरला जात नाही, कारण त्या वयात आईच्या प्रतिपिंडांनी तो कितपत लागू होऊ दिला याची खात्री देता येत नाही.

धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला आणि हिपॅटायटिस बी यांच्या लशींत जिवंत जंतू नसतो, त्यामुळे आईच्या प्रतिपिंडांचा अडथळा कमी होतो आणि सहाव्या आठवड्यापासून, हिपॅटायटिस बीची तर जन्मतःच, त्या सुरू करता येतात.

आईचे प्रत्येक प्रतिपिंड बाळाच्या हिताचेच असते का?

नाही. वाहक रेणू फक्त प्रतिपिंडाची जात पाहतो, ते कशाविरुद्ध आहे हे त्याला कळत नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, आणि आधीच्या प्रसूतीत किंवा गर्भपातात बाळाच्या लाल पेशी आईच्या रक्तात गेल्या असतील, तर आईचे शरीर त्या पेशींविरुद्ध आयजीजी प्रतिपिंडे तयार करते. पुढच्या गरोदरपणात ती वारेतून पलीकडे जाऊन बाळाच्या लाल पेशी फोडतात. रक्तक्षय, तीव्र कावीळ आणि क्वचित गर्भातच मृत्यू असा त्याचा शेवट होऊ शकतो.

यावरचा उपाय निष्क्रिय प्रतिकारशक्तीचाच आहे आणि त्यातली युक्ती वेगळीच आहे. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इम्युनोग्लोब्युलिन, साधारण ३०० मायक्रोग्रॅम, दिले जाते. बाहेरून आलेली ही प्रतिपिंडे बाळाच्या भरकटलेल्या पेशींना निकामी करतात आणि आईच्या पेशींना त्यांची ओळख पटून स्वतःची प्रतिपिंडे तयार होण्यापूर्वीच काम उरकते. म्हणजे येथे उसने प्रतिपिंड मुद्दाम यासाठी दिले जाते की शरीराने सक्रिय प्रतिकारशक्ती घडवूच नये. अनेक ठिकाणी २८ व्या आठवड्यातही एक डोस देतात. आईच्या शरीराने ही प्रतिपिंडे एकदा स्वतः बनवली की मात्र सुई निरुपयोगी ठरते, म्हणून पहिल्या गरोदरपणीच रक्तगट पाहणे महत्त्वाचे आहे.

नवजात बाळाच्या रक्तात प्रतिपिंड सापडले म्हणजे त्याला तो रोग आहे का?

तसे म्हणता येत नाही. ते आईचे असू शकते. एचआयव्ही बाधित आईच्या बाळात आईची प्रतिपिंडे अठरा महिन्यांपर्यंत दिसू शकतात, त्यामुळे त्या वयाआधी नेहमीची प्रतिपिंड तपासणी विश्वसनीय ठरत नाही आणि विषाणूचाच शोध घेणारी चाचणी करावी लागते. याउलट आयजीएम जातीचे प्रतिपिंड सापडले, तर ते बहुधा बाळाने स्वतःच बनवलेले असते, कारण ते वारेतून येऊ शकत नाही.

कुत्रा चावल्यावर लस आणि सिरम दोन्ही का लागतात?

आता या पानाच्या गाभ्याशी येतो. नागपुरात आणि आसपासच्या तालुक्यांत श्वानदंशाचे रुग्ण वर्षभर येतात आणि या एका प्रसंगात दोन्ही प्रकारची प्रतिकारशक्ती एकाच दिवशी, एकाच शरीरात द्यावी लागते.

रेबीजचा विषाणू जखमेतून स्नायूत आणि तेथून मज्जातंतूत शिरतो व हळूहळू मेंदूकडे सरकतो. तो मज्जातंतूत शिरल्यावर प्रतिपिंडांना त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते आणि लक्षणे सुरू झाल्यावर जवळजवळ प्रत्येक रुग्णाचा मृत्यू होतो. लशीमुळे शरीर स्वतःची प्रतिपिंडे बनवायला लागते, पण ती उपयोगी पातळीला यायला सात ते चौदा दिवस लागतात. रेबीजची लक्षणे साधारणपणे एक ते तीन महिन्यांनी दिसत असली, तरी चेहरा, मान, हात अशा मज्जातंतूंनी भरलेल्या भागांवर दंश असला तर हा काळ खूप कमी होऊ शकतो. पहिल्या आठवड्याची ही मोकळी जागा भरून काढण्यासाठी सिरम, म्हणजे तयार प्रतिपिंडे, थेट जखमेत भरली जातात.

सिरम नेमके कोणाला आणि कसे देतात?

त्वचा फुटून रक्त आलेला चावा किंवा ओरखडा, फाटलेल्या त्वचेवर किंवा तोंड-डोळ्यांच्या आतील त्वचेवर लागलेली लाळ, या तिसऱ्या वर्गाच्या जखमा मानल्या जातात आणि त्यांत सिरम लागते. रक्त न आलेला बारीक ओरखडा दुसऱ्या वर्गात येतो, त्याला लस पुरते.

एक उदाहरण पाहू. कामठी रोडच्या कडेला खेळणाऱ्या, १५ किलो वजनाच्या पाच वर्षांच्या मुलीला भटक्या कुत्र्याने गालावर दोन आणि मनगटावर एक चावा घेतला आहे असे समजा. घरीच सर्वांत आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवायची. हळद, चुना, तिखट असे काही लावायचे नाही. ही धुलाई इतकी सोपी आहे की तिचे महत्त्व पटत नाही, पण बऱ्याच विषाणूंना शरीराच्या बाहेर काढण्याची ती पहिली संधी असते.

रुग्णालयात सिरमची मात्रा वजनावर ठरते: घोड्याचे सिरम प्रतिकिलो ४० आंतरराष्ट्रीय एकके, माणसाचे प्रतिकिलो २० एकके. या मुलीला घोड्याचे सिरम ६०० एकके लागेल. बाटलीवर प्रति मिलिलिटर ३०० एकके लिहिलेली असतील तर हे दोन मिलिलिटर होते. माणसाचे सिरम ३०० एकके लागेल आणि ते प्रति मिलिलिटर १५० एककांचे असेल, तर तेही दोनच मिलिलिटर होते. बारीक सुईने हे औषध प्रत्येक चाव्याच्या कडेने आणि तळाशी भरले जाते. भरताना कड फुगते, पांढुरकी पडते आणि मूल रडते. ते पाहून पालक डॉक्टरांना थांबवू पाहतात, पण अर्धवट भरलेली जखम हीच त्या मुलीसाठी खरी जोखीम असते. तीन जखमांना दोन मिलिलिटर अपुरे पडत असेल, तर मात्रा वाढवत नाहीत, त्याच मात्रेत सलाइन मिसळून ती सर्व जखमांना पुरवतात. केसांत लपलेला किंवा कानामागचा लहान चावा राहून जातो, म्हणून आपल्या मुलाच्या सर्व जखमा डॉक्टरांना मोजून दाखवाव्यात. टाके शक्यतो घालत नाहीत आणि घालावेच लागले तर सिरम भरल्यानंतरच.

त्याच दिवशी लसही सुरू होते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत दोन जागी ०.१ मिलिलिटर, दिवस ०, ३, ७ आणि २८ या क्रमाने देतात. टोचल्याबरोबर त्वचेवर छोटा, संत्र्याच्या सालीसारखा दिसणारा फोड उठायला हवा. तो उठला नाही तर लस खाली उतरली असे समजून पुन्हा टोचतात. लस आणि सिरम एकाच सिरिंजमध्ये भरत नाहीत आणि एकाच जागी देत नाहीत, कारण उसनी प्रतिपिंडे लशीतील विषाणूच्या अंशांना चिकटून ती वाया घालवतील.

सिरम कमरेत घेतले तर चालत नाही का? आणि जास्त घेतल्याने जास्त फायदा होतो का?

पूर्वी जखमेत न मावलेला भाग स्नायूत देत असत. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली भूमिका बदलली आणि जखमेत मावेल तेवढेच सिरम द्यावे असे सांगितले, कारण कमरेत दिलेले प्रतिपिंड साऱ्या शरीरात पातळ होऊन जाते आणि जखमेत त्याचा फारसा वाटा उरत नाही. विषाणू जेथे आहे तेथेच त्याला गाठणे, एवढाच सिरमचा उपयोग आहे.

मात्रा वाढवणे मात्र धोक्याचे आहे. रक्तात बाहेरची प्रतिपिंडे फार झाली तर ती लशीला दाबतात आणि शरीराची स्वतःची प्रतिपिंडे कमी तयार होतात. नऊ महिन्यांच्या बाळात आईची प्रतिपिंडे गोवराच्या लशीच्या आड येतात, त्याच तत्त्वाचा हा दुसरा अवतार आहे.

सिरम पहिल्या दिवशी मिळाले नाही तर?

लस आणि जखमेची धुलाई त्याची वाट पाहत थांबू नयेत. पहिल्या लशीच्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत सिरम देता येते. त्यानंतर ते देत नाहीत, कारण लशीमुळे स्वतःची प्रतिपिंडे तयार व्हायला लागलेली असतात आणि उसन्यांची मदत अडथळा ठरू शकते. शहरातील शासकीय रुग्णालये, म्हणजे आपण ज्यांना मेडिकल आणि मेयो म्हणतो ती, यांच्याकडे आधी चौकशी करावी, म्हणजे मुलाला घेऊन वणवण करावी लागत नाही. खेड्यातून येणाऱ्यांनी जवळच्या केंद्रात पहिला डोस घेऊन मगच निघावे.

भारतात आता प्रयोगशाळेत बनवलेली एकजातीय प्रतिपिंडेही उपलब्ध आहेत. त्यांची मात्रा उत्पादनानुसार वेगळी असते, म्हणून सिरमचा आकडा त्यांना लावू नये.

मुलाने पूर्वी रेबीजची लस पूर्ण घेतली असेल तर?

अशा मुलाला सिरम लागत नाही, फक्त दिवस ० आणि ३ असे दोन डोस पुरतात, कारण स्मृतिपेशी दोन-चार दिवसांतच प्रतिपिंडे वर नेतात. उसन्या आणि स्वतःच्या प्रतिकारशक्तीतला फरक यापेक्षा स्पष्ट कोठे दिसत नाही. मात्र आधीची नोंद कागदावर असली पाहिजे. "काही वर्षांपूर्वी सुया घेतल्या होत्या" एवढ्यावर सिरम टाळता येत नाही.

साप चावल्यावर दिले जाणारे प्रतिविष हे सुद्धा निष्क्रिय प्रतिकारशक्तीच का?

होय, आणि येथे तिची मर्यादा अधिक ठळकपणे दिसते. घोड्याला सापाच्या विषाचा लहान-लहान डोस देऊन त्याच्या रक्तातून तयार केलेले भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांविरुद्ध असते. त्याची सुरुवातीची मात्रा साधारण दहा बाटल्या असते आणि ती मुलाला व प्रौढाला सारखीच देतात, कारण सापाने सोडलेले विष बळीच्या वजनानुसार कमी होत नाही. रेबीजच्या सिरमशी तुलना करणाऱ्यांना हे खटकते, पण तेथे प्रतिपिंडे वजनाप्रमाणे वाटायची असतात, येथे ती विषाच्या प्रमाणात द्यावी लागतात.

घोणस चावलेल्या रुग्णात रक्त गोठत नाही, आणि हे ओळखण्याची पद्धत अगदी साधी आहे. दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही आणि मग नळी तिरपी करायची. रक्त वाहिले तर ते गोठलेले नाही. नळी साबणाने धुतलेली असेल तर तपासणी फसवते. प्रतिविष दिल्यावर ही तपासणी सहा तासांनी पुन्हा करतात, कारण प्रतिविष विष निष्प्रभ करते, पण संपलेले गोठणकारक घटक यकृताला नव्याने तयार करावे लागतात आणि त्याला तेवढा वेळ लागतो.

मण्यारीच्या दंशात मज्जातंतूंच्या टोकांना झालेली इजा प्रतिविष पूर्ववत करत नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड झाल्याची तक्रार घेऊन येतो, चावल्याची खूणही दिसत नाही, आणि त्याला व्हेंटिलेटरवर काही दिवस ठेवूनच वाचवावे लागते. प्रतिविष रक्तात अजून फिरणाऱ्या विषाला पकडते, म्हणून ते लवकर मिळणे महत्त्वाचे आहे.

एकदा प्रतिविष घेतले म्हणून पुढच्या दंशापासून संरक्षण मिळत नाही. दुसऱ्यांदा साप चावला तर पुन्हा पूर्ण उपचार लागतात.

सिरम किंवा प्रतिविष घेतल्यावर त्रास कोणता होऊ शकतो आणि तो कसा ओळखायचा?

घोड्याचे प्रथिन परके असल्यामुळे काही मिनिटांत अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, खाज, उलटी, श्वासाला त्रास किंवा रक्तदाब कोसळणे असे होऊ शकते. यासाठी ॲड्रेनलिन आधीच तयार ठेवूनच ते देतात आणि रुग्णाला काही वेळ थांबवून ठेवतात. पूर्वी त्वचेची चाचणी करून पाहत, पण तिच्यावरून कोणाला त्रास होईल हे नीट सांगता येत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटना आता तिची शिफारस करत नाही.

दुसरा प्रकार उशिरा येतो. साधारण पाच ते बारा दिवसांनी ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आणि गाठींची सूज दिसली तर त्याला सिरम आजार म्हणतात. येथे शरीराने घोड्याच्या प्रथिनाविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे तयार केलेली असतात आणि ती उरलेल्या सिरमशी जोडली जाऊन सांध्यांत व त्वचेत जमा होतात. औषधाने तो बरा होतो, परंतु त्या वेळी वेगळ्याच डॉक्टरांकडे गेलेल्या पालकांनी "दहा दिवसांपूर्वी सिरम घेतले होते" हे सांगितले नाही, तर निदान भलतीकडेच जाते.

सिरम घेतलेल्या मुलाची पुढची लस केव्हा द्यायची?

रेबीज, टीडी, पेंटाव्हॅलंट अशा निर्जीव लशींना अडचण नसते. गोवर-रुबेलासारखी जिवंत लस मात्र माणसाच्या इम्युनोग्लोब्युलिननंतर, म्हणजे माणसाच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांनंतर, लगेच देत नाहीत. माणसाचे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन घेतले असेल तर साधारण चार महिने, धनुर्वाताचे किंवा हिपॅटायटिस बीचे असेल तर सुमारे तीन महिने थांबतात, आणि कावासाकी या लहान मुलांच्या रक्तवाहिन्या सुजवणाऱ्या रोगासाठी शिरेतून मोठी मात्रा दिली असेल तर हा काळ अकरा महिन्यांपर्यंत जातो, कारण त्या रक्तात गोवराविरुद्धची प्रतिपिंडेही असतातच. लसीकरणाच्या कार्डावर सिरमचे नाव, ते माणसाचे की घोड्याचे, मात्रा, तारीख आणि कोणत्या जखमांत भरले याची नोंद डॉक्टरांकडून करून घ्यावी, म्हणजे पुढच्या तारखा ठरवणाऱ्या परिचारिकेला अंदाजाने काही करावे लागत नाही.